उशी आणि कान यांच्यात मावणारे इअरबड्स

आमचे भावोजी गोव्यात पेडण्याला राहतात आणि रात्रभर मोपा विमानतळाच्या फेऱ्या मारतात. सकाळी सातला घरी येतात, आंघोळ आणि चहा-पाव झाला की आठला अंथरुणावर पडतात आणि तीनला उठतात. त्या सात तासांत गावाचा पूर्ण दिवस चालू असतो. पाव विकणारा पोदेर उशिरा आला तर त्याचा भोंगा, दहाच्या सुमाराला मासेवालीच्या रिक्षेचा हॉर्न, शेजारच्या बांधकामावरचं कटर, आणि बाराच्या आत ताईच्या मिक्सरमध्ये नारळाचं वाटप. खांद्याच्या दुखण्यामुळे त्यांना पाठीवर झोपता येत नाही, डावी कूसच लागते. म्हणून त्यांनी इअरबड्स घेतले, पावसाचा आवाज लावला, आणि तीन आठवड्यांनी डावा कान धरून माझ्या कामाच्या ठिकाणी म्हापशाला नाही, थेट माझ्या घरी आले.

मी म्हापशात कान तपासण्याचं, श्रवणयंत्रं बसवण्याचं काम करते. झोपताना कानात काय घालायचं, हा प्रश्न मला आता वरचेवर विचारला जातो. दुकानात त्याचं उत्तर आवाजाचा दर्जा, बाहेरचा आवाज उलट्या आवाजाने दाबणारं एएनसी, किंमत असं सुरू होतं. कुशीवर झोपणाऱ्यासाठी ते दुसऱ्या टोकापासून सुरू करावं लागतं, कारण त्याच्या कानावर उशी आणि डोक्याचं वजन असतं.

आधी कान कसा असतो ते पाहू. बाहेरच्या कानाची एक खोलगट वाटी असते, आणि तिच्या तळाशी कानाचं भोक. भोकाच्या पुढे, गालाच्या बाजूला, कूर्चेचं एक लहानसं झापड असतं. बोटाने ते दाबलं की कान बंद होतो. आतली नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा आणि आतला हाडाचा. इअरबडचं धड वाटीत बसतं आणि त्याची रबरी टोपी नळीच्या तोंडाशी. धड वाटीच्या काठापेक्षा वर आलं, तर कुशीवर वळल्यावर उशी त्याला खिळ्यासारखी आत ढकलते. मग वाटीची त्वचा मागच्या कूर्चेवर चेपली जाते. तिथे मांस जवळजवळ नाहीच, त्यामुळे रक्तपुरवठा लगेच कमी होतो आणि तासाभरात ठणका लागतो. असा दाब रोज एकाच जागी पडत राहिला, तर तिथे दुखरी, खपली धरणारी गाठही येऊ शकते. भावोजींची वाटी लालभडक झाली होती, गाठ आली नव्हती.

"काय गं, नवीन वस्तू आहे, सवय होईल ना?" त्यांनी विचारलं.

नाही होणार. चपलेचं कातडं पायाच्या आकाराला येतं, प्लास्टिक कानाच्या आकाराला येत नाही.

जाडीची परीक्षा मी एटीएम कार्डाने घेते. बड कानात नीट बसवायचा. कार्डाची लांब कड कानावर आडवी ठेवायची, एक टोक त्या पुढच्या झापडावर आणि दुसरं मागच्या उंच कडेवर. कार्ड दोन्हीकडे टेकलं आणि बडला लागलं नाही, तर बड वाटीत बुडालेला आहे. कार्ड बडवर टेकून झोपाळ्यासारखं डुललं, तर बड वर आलेला आहे आणि तो उशीखाली टोचणार. भावोजींच्या बडवर कार्ड एका बाजूने चांगलं अर्धा सेंटीमीटर अधांतरी राहिलं. त्यांच्या बडला खाली दांडीही होती, जी उशीवर घासून बडला फिरवते आणि टोपी सैल करते. झोपण्यासाठी दांडीवाला बड घेऊच नये, हे मी ठामपणे सांगते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ही परीक्षा कानाची आहे, बडची नाही. तोच बड उथळ वाटीच्या कानात वर येतो आणि खोल वाटीत गडप होतो. म्हणून "माझ्या मैत्रिणीला छान बसतात" याला अर्थ नाही. दुकानात घालून बघू देत नसतील, तर परत घेण्याची सोय आहे का ते आधी विचारा. कार्ड पास झालं तरी घरी आपल्याच उशीवर, त्याच कुशीवर वीस मिनिटं पडून पाहा. दोन मिनिटांत काही कळत नाही, ठणका दहाव्या-पंधराव्या मिनिटाला सुरू होतो.

आता बॅटरी, कारण ती या जाडीशीच बांधलेली आहे. बडमध्ये सगळ्यात जास्त जागा बॅटरी खाते. ती बटणाच्या सेलसारखी गोल असते आणि स्पीकरच्या मागे बसते. बड चपटा करायचा तर बॅटरी लहान करावी लागते, आणि बॅटरी लहान केली की रात्र पुरत नाही. झोपेच्या इअरबड्सचं सगळं कोडं एवढंच आहे. बोस कंपनीने २०१८ मध्ये खास झोपेसाठी चिमुकले बड आणले तेव्हा त्यात चांदी आणि जस्ताची, लहान जागेत जास्त साठा करणारी बॅटरी घातली. ती नीट चार्ज होईना, बड मध्येच बंद पडू लागले, आणि २०१९ मध्ये कंपनीने ते विक्रीतून काढून घेऊन पैसे परत दिले. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत बॅटरीचा प्रकारच बदलला. त्या बडमध्ये ब्लूटूथवरून गाणी ऐकायची सोय नव्हती, आवाज बडच्याच आत साठवलेले होते. तेव्हा अनेकांना ती उणीव वाटली. मला ती समंजस तडजोड वाटते.

कारण असं, की फोनवरून सतत आवाज मागवत राहणं, म्हणजे ब्लूटूथ रात्रभर चालू ठेवणं, यालाच बॅटरी लागते. एएनसी लावलं की बाहेरचा आवाज ऐकणारे माइक आणि उलटा आवाज बनवणारी चिप हीही सात तास राबतात. आवाज बडच्या आतच साठवलेला असेल तर यातलं बरंचसं काम वाचतं. म्हणून झोपेच्या बडच्या खोक्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक साठवलेल्या आवाजासाठी आणि एक ब्लूटूथसाठी, आणि दुसरा लहान असतो. आपण जे वापरणार तोच आकडा बघायचा. केससकट चाळीस तास, पन्नास तास असा जो मोठा आकडा समोर छापलेला असतो, तो इथे बिनकामाचा. झोपेत कोणी उठून बड केसमध्ये ठेवत नाही.

भावोजींचे जुने बड एएनसी लावून पाच तास चालत. आठला झोपले की एकला बॅटरी संपत यायची. ती गुपचूप संपली असती तरी चाललं असतं, पण बडमधली बाई कानातच इंग्रजीत सांगायची की बॅटरी कमी आहे. ताईच्या मिक्सरलाही न उठलेला माणूस त्या सूचनेने दचकून उठायचा. नवे बड घेताना ही सूचना बंद करता येते का ते ॲपमध्ये नक्की पाहा.

किती तासांचे बड घ्यावेत याचा हिशेब सोपा आहे. झोप सात तासांची. लिथियम बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली की तिची ताकद सुमारे ८० टक्क्यांवर येते, म्हणजे रोज वापरलं तर दीड वर्षात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर केस राहिली तर त्याहून लवकर. आज नऊ तास चालणारा बड दीड वर्षाने सात तासांवर येईल, म्हणजे जेमतेम. म्हणून आपल्या झोपेपेक्षा तीन तास जास्त धरून दहा तासांचा घ्यावा. ज्याला फक्त झोप लागेपर्यंतच आवाज हवा, त्याने पंचेचाळीस मिनिटांचा टायमर लावला की पाच तासांचा बडही भरपूर झाला. हा हिशेब आधी केला तर उगाच जाडजूड बड घेण्याची वेळ येत नाही.

एएनसीबद्दल थोडं थांबून बोलते, कारण लोक त्याच्यासाठी जास्तीचे पैसे देतात. एएनसी सलग, जाड घरघरीवर छान चालतं, विमानाचं इंजिन, एसी, लांबचा जनरेटर. मासेवालीचा हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं, कटरची किंकाळी अशा अचानक किंवा बारीक आवाजांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, ते घट्ट बसलेली टोपीच अडवते. शिवाय कुशीवर झोपल्यावर बाहेरचा माइक उशीत रुततो. खोळीचा खरखराट त्याला वाऱ्यासारखा वाटतो, आणि कधी कधी बड बारीक शिटी मारू लागतो. बड कानात असताना त्यावर तळहाताची ओंजळ धरून पाहा, शिटी आली तर उशीवरही येणार. टचचंही तसंच. उशीचा स्पर्श बडला बोटासारखा वाटला, तर कूस बदलताना आवाज थांबतो किंवा वाढतो. झोपेसाठी टच पूर्ण बंद करता येत नसेल तर तो बड घेऊ नये.

आता आवाज किती ठेवायचा. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण टोचणारा बड माणूस काढून टाकतो, पण मोठा आवाज दुखत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१९ मध्ये एक मानक जाहीर केलं. त्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ३ डेसिबलने वाढला की मुभा निम्मी होते, आणि ३ डेसिबलने कमी केला की दुप्पट. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. उलटीकडे ७७ ला ८० तास. ऐकायला ३ डेसिबलचा फरक अगदी थोडा लागतो, फोनवर एखाद-दुसरी पायरी. कानाच्या आतल्या बारीक पेशींसाठी मात्र तो दुप्पट किंवा निम्म्या श्रमाचा फरक आहे.

गाडी चालवताना किंवा चालताना ऐकणारा माणूस दिवसाला तास-दीड तास ऐकतो. झोपणारा सात तास ऐकतो. भावोजींच्या फोनमध्ये हेडफोनचा आवाज डेसिबलमध्ये दाखवण्याची सोय होती, आणि त्यांच्या झोपेच्या तासांची सरासरी होती ८३. आठवड्यात सहा दिवस, रोज बॅटरी संपेपर्यंत पाच तास, म्हणजे ३० तास. ८३ ला मुभा आहे २० तासांची. मुभेच्या दीडपट खर्च तर झोपेतच होत होता, रात्री गाडीत वाजणारी गाणी वेगळीच. "अगं, पावसाचा तर आवाज, डीजे थोडाच लावलाय!" असं ते म्हणाले. कानाला पाऊस आणि डीजे वेगळे कळत नाहीत, त्याला फक्त जोर आणि वेळ कळतो.

एवढा आवाज त्यांना का लागत होता, याचं उत्तर पुन्हा त्या कार्डाशी येतं. वर आलेला बड उशीने तिरका व्हायचा, टोपी आणि कान यांच्यात फट पडायची. फटीतून बाहेरचं कटर आत यायचं आणि पावसाचा जाड भाग बाहेर गळायचा. मग कटर झाकायला आवाज वाढवायचा. नीट न बसणारा बड दुखतो आणि कानही खराब करतो, दोन्ही एकाच फटीमुळे. मोठा आवाज बॅटरीही जास्त खातो, तेव्हा तासही तिथेच गळत होते.

नव्या बडसाठी टोप्यांचे तीनही आकार घालून पाहिले. बरोबर बसली की स्वतःचं बोलणं घड्यात बोलल्यासारखं घुमतं आणि पंख्याचा आवाज एकदम खाली जातो. त्यांच्या उजव्या कानाला मधली टोपी लागली आणि डाव्याला लहान. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं नसतं. टोपी ओढून काढताना नळीत चूषणासारखं वाटलं तर ती मोठी आहे.

मग आवाज लावायची पद्धत. उभं राहून, बसून लावायचा नाही. कुशीवर पडून, खालचा कान उशीत दाबलेला असताना लावायचा, कारण नीट बसलेल्या बडवर दाब आला की उरलीसुरली फट बंद होते आणि आवाजातला जाड भाग फुगतो. बड कानात असताना बोटाने हलकेच आत दाबलंत की हा फरक लगेच कळेल. बसून बेताचा वाटलेला आवाज झोपल्यावर मोठा असतो तो यामुळे. फोनचा डेसिबलचा आकडाही हे धरत नाही, बड ठरावीक पद्धतीने बसलाय असं मानूनच तो अंदाज देतो. तेव्हा शून्यापासून सुरू करून हळूहळू वर यायचं. बाहेरचा नेहमीचा गलबला, पंखा, रस्ता, भांडी, त्या पावसात मिसळू लागला की थांबायचं. तो नाहीसा होईपर्यंत चढत जायचं नाही. कटरसारखे अधूनमधून येणारे मोठे आवाज झाकायच्या मागे तर लागूच नये, ते टोपीवर सोडावेत. थांबलात तिथून एक पायरी खाली या. पाच मिनिटांनी कानाला तेवढंही पुरतं.

भावोजींचा आकडा या पद्धतीने ६८ वर आला. ८० पासून १२ डेसिबल खाली, म्हणजे मुभा चार वेळा दुप्पट होऊन ६४० तास. सहा दिवस पूर्ण सात तास ऐकलं तरी त्यातले ४२ तास, म्हणजे पंधरावा हिस्सा.

आवाजाची फाइलही महत्त्वाची. एकसारखा पाऊस किंवा पंखा चालतो. गाण्यांत चढउतार असतात, आणि मोफत व्हिडिओ लावला तर मध्येच जाहिरात येते, ती बऱ्याचदा मोठ्या आवाजात. फाइल फोनमध्ये किंवा बडमध्ये उतरवून घ्या आणि फोनच्या सूचना बंद ठेवा. भावोजींना मालकाचा फोन मात्र लागतो, तो एकच नंबर त्यांनी मोकळा ठेवला आहे. गजराचं आधीच तपासून घ्या. बड कानात घालून, दोन मिनिटांनंतरचा गजर लावून, तो बडमधून येतो की फोनमधून, की दोन्हींतून, हे बघायचं. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल आणि लक्ष ठेवणारे तुम्हीच असाल, तर दोन्ही कान बंद करून झोपू नका.

नवे बड यायला दहा दिवस होते. तोपर्यंत मी त्यांना फक्त वरच्या, उजव्या कानात बड घालायला सांगितलं. खालचा कान उशीतच असतो, उशी त्याचं काम बरंच करते. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज त्या एकात येतो. डाव्या कानाला आराम मिळाला, डावा बड केसमध्ये चार्ज होत पडला. रात्रभर एकाच कुशीवर राहणाऱ्यांना तर याहून जास्त काही लागतही नाही, आणि हा उपाय फुकट आहे.

राहिला आपला पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कान सुकत नाहीत. ओल्या कानात बड घालून सात तास बंद ठेवला की आत बुरशीला बरं वातावरण मिळतं. खाज, कान भरल्यासारखं वाटणं, पांढरट किंवा काळपट घाण दिसणं ही तिची लक्षणं. आंघोळीनंतर किंवा नदीत-समुद्रात पोहून आल्यावर अर्धा-पाऊण तास कान उघडा राहू द्या, टोप्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. खाज किंवा वाहणं सुरू झालं तर बड बंद आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. पडद्याला छिद्र असलेल्यांनी किंवा कानाचं ऑपरेशन झालेल्यांनी कानात बसणारे बड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांच्यासाठी उशीखाली ठेवायचे चपटे स्पीकर मिळतात. घामाने आणि खाऱ्या हवेने बडच्या चार्जिंगच्या टिकल्या हिरवट होतात. मग एक बड केसमध्ये असूनही चार्ज होत नाही. कोरड्या कापसाने त्या आठवड्यातून एकदा पुसा.

ऑगस्टमध्ये भावोजींचा फोन आला, की डाव्या बाजूने आवाज कमी येतोय, दोन पायऱ्या वाढवलाय. मी म्हटलं, आधी खाली आणा. डावा बड क्षणभर उजव्या कानाशी धरा आणि उजवा डाव्याशी. मंद आवाज बडबरोबर उजवीकडे गेला तर बडची जाळी मळाने बुजली आहे. तो डाव्या कानातच राहिला तर कानात मळ साठलाय, किंवा ऐकणंच कमी झालंय, आणि मग उद्या तपासायला या. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. "उजवीकडे गेला गं," ते म्हणाले. टोपी काढून, जाळी खाली धरून कोरड्या मऊ टूथब्रशने झाडली, मेणासारखा पिवळा कण पडला, आणि आवाज पुन्हा पहिल्या पायरीवर आला.